आधी कोणी बोलायचं?

«ताई, आम्ही सहा वर्षं स्टुटगार्टजवळ राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. मागच्या उन्हाळ्यात सासूसासरे साताऱ्याहून आले. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, मुलाला कर म्हटलं तर तो “हालो आजोबा” म्हणत उभाच राहिला आणि वर “तू काय आणलंस?” म्हणाला. सासरे गप्प बसले, पण सासूबाई महिनाभर ऐकवत होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सासऱ्यांपुढे हात केला, तेव्हा सासऱ्यांनी हात जोडले. बाईंचा हात तसाच हवेत राहिला. तेव्हापासून त्या जिन्यात घुम्या असतात. एकदा मुलाला म्हणाल्या, “आपल्याकडे आधी नमस्कार करतात.” सासूबाईंच्या मते ही माणसंच माणूसघाणी, सहा वर्षांत कुणी चहाला बोलावलं नाही. आता मे महिन्यात दोघं पुन्हा तीन महिन्यांसाठी येतायत. मुलावर जबरदस्ती करू का? सासऱ्यांना काय सांगू? — एक सून»

सुरुवात जिन्यापासून करते, कारण तो गुंता सोडवायला सोपा आहे आणि तो सुटला की घरातलाही थोडा सैल होईल.

आपल्याकडे नवं बिऱ्हाड आलं की शेजारी येतात. कुणी चहाची किटली आणतं, कुणी पाण्याची कळशी, कुणी “दूध कुठलं लावायचं” ते सांगतं. आधी बोलायची जबाबदारी जुन्या रहिवाशाची. जर्मनीत ती बरोबर उलटी असते. नवीन आलेल्यानं आठवड्या-दोन आठवड्यांत प्रत्येक दाराची बेल वाजवायची, “आम्ही वर राहायला आलोय, आमचं आडनाव अमुक” एवढं सांगायचं आणि परत फिरायचं. घरात बोलावतीलच असं नाही, दारातली दोन मिनिटं पुरतात. मी 1998 साली इथे आले तेव्हा दोन महिने कुणी चौकशीला येईल म्हणून वाट पाहत होते. शेवटी तळमजल्यावरच्या आजोबांनी कचऱ्याच्या डब्यांपाशी मला गाठून विचारलं, “आपण नक्की कोण?” मला ते उद्धट वाटलं होतं. त्यांच्या लेखी मी दोन महिने उद्धटपणा करत होते.

त्यामुळे तुमच्या सासूबाईंना तुम्ही सांगू शकता की हे लोक माणूसघाणे नाहीत, ते सहा वर्षं तुमच्या बेलची वाट पाहतायत. अजून उशीर झालेला नाही, उलट सासूसासरे येणं हे उत्तम निमित्त आहे. त्याकडे पुढे येते.

बोलायचा क्रमही लक्षात ठेवा. इथला साधा नियम असा, की जो आत येतो तो आधी बोलतो. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये दहा अनोळखी माणसं बसलेली असली तरी दार उघडणाऱ्यानं सगळ्यांना मिळून “गूटन टाग” म्हणायचं आणि निघताना “आउफ व्हीडरझेएन”. बेकरीतही आधी अभिवादन, मग पाव. लिफ्टमध्ये तेच. जिन्यात दोघं समोरासमोर आले तर धाकट्यानं आधी बोलायचं, आणि बोलायचं म्हणजे तोंडानं. इथेच आपण फसतो. आपल्याकडे शेजाऱ्याला बघून हसलं, मान हलवली, भुवया उंचावल्या की झालं, किंवा “काय, बाजारात?” असा प्रश्न टाकला की झालं. इथे नुसतं हसणं अर्धवट वाटतं आणि “कुठे निघालात?” हा प्रश्न चौकशी वाटतो. तुमचा मुलगा बहुधा जिन्यातून हसत, पण न बोलता धावत जात असेल. बाईंनी टोकलं ते त्यालाच. “आपल्याकडे” या शब्दाचा तुम्हाला राग आला असेल, पण नऊ वर्षांच्या जर्मन पोरालाही त्यांनी तेच सुनावलं असतं. जिन्यातली पोरं सुधारणं हे स्टुटगार्टकडच्या स्वाबियन बायका आपलं कर्तव्य मानतात. आमच्या इमारतीत केअरवॉखंची पाटी, म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी कुणाची ते सांगणारी पाटी, माझ्या दारावर लटकलेली असली की मला कोपरे दाखवायला दोघी यायच्या. त्या कोपऱ्यांमुळेच माझी इथली पहिली ओळख झाली.

आता तो हवेत राहिलेला हात. याकडे मी जरा गंभीरपणे बघेन. पुरुषानं बाईचा हात न घेणं हा विषय इथे नाजूक आहे आणि तुमच्याच राज्यात तर फारच. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र घेताना एका अर्जदारानं महिला अधिकाऱ्याशी हात मिळवायला नकार दिला, म्हणून त्याला नागरिकत्व नाकारलं गेलं होतं. 2020 साली बाडेन-व्युर्टेंबर्गच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयानं तो निर्णय योग्य ठरवला. बातमी देशभर गाजली होती. तुमच्या सासऱ्यांच्या मनात तसलं काहीही नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईंना ते कळायला काही मार्ग नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की त्यांनी हात पुढे केला आणि समोरच्यानं आपले हात मागे घेऊन एकमेकांना जोडले.

सासऱ्यांना नमस्कार सोडायला सांगू नका. फक्त वेळ बदलायला सांगा. इथल्या रिवाजात अभिवादनाचे शब्द धाकट्यानं किंवा येणाऱ्यानं आधी बोलायचे, पण हात पुढे करायचा तो मोठ्यानं. वयानं मोठं कोण हे बघितलं, तर सासऱ्यांनी हात दिल्याशिवाय बाईंनी खरं तर द्यायला नको होता. पण त्या त्यांच्या जिन्यात होत्या, म्हणजे यजमान, त्यामुळे त्यांचंही चुकलं नाही. सासऱ्यांनी तीन-चार पावलांवरूनच हात जोडून “नमस्कार” म्हणायचं, नजर समोरच्याच्या डोळ्यांत ठेवून. एवढ्या लांबून केलेला नमस्कार अभिवादन म्हणून पोचतो. बहुतेक लोक हसून मान झुकवतात, काही जण हात जोडून बघतात आणि हाताचा प्रश्नच येत नाही. करोनापासून हात न देणाऱ्यांची इथल्यांनाही सवय झाली आहे. पण समोरचा हात एकदा निघाला की तो घ्यायचा. उजव्या हातानं, एकदाच दाबून, लगेच सोडून. नमस्कार आधी आणि मग हात, असं दोन्ही चालतं. हात निघाल्यावर नमस्कार मात्र नकार दिसतो, मनात काहीही असो.

सासूबाईंना परपुरुषाशी हात मिळवणं नको असेल तर त्यांच्याही हाताशी तेच तीन पावलांचं अंतर आहे. त्यांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा. आपल्याकडे बोलताना नजर खाली ठेवणं ही मर्यादा, इथे ते काहीतरी लपवणं वाटतं.

आणि सासऱ्यांना एक गंमत सांगून ठेवा. तुमच्या भागातले जुने लोक “गूटन टाग”ऐवजी “ग्र्यूस गॉट” म्हणतात. त्यात देव आहे, देव तुमचं भलं करो अशा अर्थाचा. साताऱ्याकडचा माणूस “राम राम” म्हणतो तेव्हा त्यातही देवच असतो. माझे वडील इथे आले होते तेव्हा ते बागेत रोज भेटणाऱ्या एका म्हाताऱ्याला “राम राम” म्हणायचे आणि तो “ग्र्यूस गॉट” म्हणायचा. तीन महिने दोघांचं उत्तम चाललं. निघताना तो “आडे” म्हणे, हा तिकडचा घरगुती निरोप. वडिलांना वाटे तो कुणाचं तरी आडनाव घेतोय.

आता घरातलं. तिथे मी तुम्हाला थोडं बोलणार आहे.

मुलाच्या “तू”पासून बघू. तो उर्मटपणा नाही, व्याकरण आहे. जर्मनमध्येही आपल्यासारखी दोन संबोधनं आहेत, “डू” आणि “झी”. पण ती वाटायची पद्धत वेगळी आहे. इथे कुटुंबातल्या प्रत्येकाला “डू”, अगदी ऐंशी वर्षांच्या ओपाला, म्हणजे आजोबांनाही. “झी” परक्यांना. नऊ वर्षांचा मुलगा शाळेत बाईंना “झी” म्हणायला शिकतो, म्हणजे त्याच्या डोक्यात “तुम्ही” हा शब्द दूरच्या माणसांचा. आजोबांना “तुम्ही” म्हण, हे त्याला आजोबांना परकं कर असं ऐकू येत असणार. आपल्याकडे जवळीक आणि वय दोन्ही बघतात, आणि तेही सरळ नाही. आईला तू, आजीला बहुतेक घरांत तू, देवाला तर तूच, मात्र आजोबांना तुम्ही. हे त्याला नियम म्हणून सांगा, संस्कार म्हणून नको. “मराठीत आजीला तू आणि आजोबांना तुम्ही, का ते मलाही माहीत नाही,” असं म्हटलंत तरी चालेल. जर्मन नामांची लिंगं घोकणाऱ्या पोराला असला अपवाद आठवडाभरात जमतो. चुकेल तेव्हा तुम्ही तेच वाक्य बरोबर करून म्हणा, थांबवून दुरुस्ती नको. “तू काय आणलंस?” या वाक्यातला खरा प्रश्न सर्वनामाचा नव्हताच म्हणा, तो आल्या आल्या बॅग उघडायला सांगण्याचा होता, आणि तो जगभरची नातवंडं विचारतात.

सासूबाईंनाही एका गोष्टीची कल्पना द्या, नाहीतर जूनमध्ये नवी तक्रार येईल. तुमचा मुलगा मित्राच्या आईला नुसत्या नावानं हाक मारत असणार. ती तशीच मारायची असते. तिला “आंटी” म्हणवून घ्यायला लावू नका. जर्मनमध्ये आत्या-मावशी हे नातं खरं असावं लागतं, उगाच लावलेलं कानाला खटकतं. तोच मुलगा महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना काका-काकू म्हणतो ना? मग त्याला दोन्ही येतंय, आणि मोठी माणसं समजतात त्यापेक्षा मुलं हे फार सहज करतात.

नमस्काराबद्दल मी तुम्हाला एकच प्रश्न विचारते. विमानतळावर तुम्ही वाकलात. तुमचे यजमान वाकले का?

पत्रात त्यांचा उल्लेख नाही, म्हणून अंदाज करते. त्यांनी सामानाची ट्रॉली घेतली असेल, “प्रवास कसा झाला बाबा?” म्हणाले असतील आणि गाडीची चावी शोधली असेल. बऱ्याच घरांत हेच होतं. वाकायचं ते सुनेनं, आणि मग सून मुलाला सांगते, “तूही कर.” मुलानं काय बघितलं? आई वाकते, बाबा वाकत नाहीत. तो मुलगा आहे, त्यानं बाबांचं केलं. त्याच्यावर जबरदस्ती करण्याआधी हा हिशोब घरात मिटवा. या वेळी पहिला नमस्कार तुमच्या यजमानांचा असू द्या, त्याच्या डोळ्यांसमोर, आणि आजी-आजोबा काय आशीर्वाद देतात तेही त्याच्या कानावर पडू द्या. आशीर्वादाचा भाग मुलांना ऐकायलाच मिळत नाही. त्यांच्यापुरता तो कुणाच्या तरी बुटांकडे बघण्याचा प्रकार उरतो.

जागाही बदला. विमानतळाचं दार ही नमस्काराची जागा नव्हे. मागे लोक ट्रॉल्या घेऊन खोळंबलेले, मुलाच्या मनात कुणी वर्गातलं दिसेल ही धास्ती. आणि आपल्या जुन्या रीतीत तरी कुठे रस्त्यात नमस्कार होता? प्रवासातून आलेल्या माणसावरून उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, तो आत येऊन टेकला की मग लहानांनी पाया पडायचं. तेच करा. विमानतळावर मिठी, हालो, बॅगा. घरी सगळ्यांचे हातपाय धुवून झाले, चहा ठेवला, की दिवा लावून आधी बाबा, मग आई, मग मुलगा.

मुलाला हे आधी, एप्रिलमध्येच सांगून ठेवा. तीन महिन्यांत नमस्कार नेमका केव्हा ते मोजून सांगा. आले त्या संध्याकाळी, त्याच्या वाढदिवसाला, एखादा सण आला तर त्या दिवशी, आणि परत जाताना. बस. रोज नाही, प्रत्येक पाहुण्यासमोर “पाया पड बघू” असं प्रदर्शन नाही, मित्र घरी असताना अजिबात नाही. मुलांना वाकण्याचा कंटाळा कमी असतो, अचानक सगळ्यांसमोर फर्मान सुटण्याचा जास्त. चार-पाच वेळा आणि त्याही ठरलेल्या, याला बहुतेक मुलं तयार होतात. तरी नाहीच म्हणाला, तर उभ्यानं हात जोडून “नमस्कार आजोबा” पुरे, पण शब्दांसकट आणि आजोबांकडे बघून.

एक फरक मात्र सासूबाईंना नीट समजावून सांगायला हवा. नमस्कार मुलगा करतो. गालगुच्चा, पापा, ओढून मांडीवर बसवणं हे मुलाला केलं जातं. इथल्या बालवाडीपासून मुलांना शिकवतात की आपल्या अंगाला कुणी हात लावलेला नको असेल तर नको म्हणायचं, समोर ओमा, म्हणजे आजी असली तरी. त्यानं आजीला “नको” म्हटलं तर तो आजीला नाही म्हणत नसतो, गालाला लावलेला हात नको म्हणत असतो. तिथे मी त्याच्या बाजूनं आहे. नमस्काराचा आग्रह आणि पाप्याची जबरदस्ती एकत्र बांधलीत तर तो दोन्ही सोडेल. सासूबाईंनी “पापा देऊ का?” एवढं विचारलं तर बहुधा तोच गाल पुढे करेल.

हे सगळं साताऱ्याला फोनवर सांगायचं काम तुमच्या यजमानांचं. सुनेनं सांगितलं की ते “तिनं शिकवलेलं” होतं. त्यांच्या मुलानं सांगितलं की “तिकडची पद्धत” होते.

सासऱ्यांना एक जुनी गोष्टही ऐकवा. साधारण 1960च्या दशकापर्यंत जर्मन मुलगेही मोठ्यांपुढे कमरेत वाकायचे. त्याला “डीनर” म्हणत, जेवणाशी संबंध नाही, आणि मुली गुडघे वाकवून “क्निक्स” करायच्या. पाहुणे आले की मुलांना पुढे ढकलून हे करून घेत. तुमच्या खालच्या बाई सत्तरीच्या असतील तर त्यांनी लहानपणी केलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. त्यांनाच विचारा. पोराचं वाकणं ही परदेशी विचित्र गोष्ट आहे असं ज्या पोराला वाटतं, त्यानं ते जर्मन आजीच्या तोंडून ऐकणं वेगळं.

त्यासाठी आधी बेल वाजवावी लागेल. सासूसासरे आले की तीन-चार दिवसांत, शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला किंवा एखाद्या दिवशी संध्याकाळी पाचला जा. रविवारी नको, दुपारी एक ते तीन तर कधीच नको. सगळे मिळून जा, मुलगा पुढे. दार उघडलं की आधी तो “ग्र्यूस गॉट” म्हणून बाईंचं आडनाव घेईल, फ्राऊ अमुक. नाव जोडलेलं अभिवादन इथे दुप्पट मोजतात. मग तुम्ही सांगायचं, “हे माझे सासूसासरे, भारतातून आलेत, ऑगस्टपर्यंत राहतील.” सासरे दोन पावलं मागे असतील, ते तिथूनच हात जोडतील, आणि बाईंचा हात निघाला तर घेतील. तुम्ही हवं तर म्हणा, “मागच्या वेळी तुमचा हात राहून गेला, आमच्याकडे असं अभिवादन करतात.” एवढंच. माफी नको, भारतीय संस्कृतीवर व्याख्यान नको. दोन मिनिटांत निघा. यात बाईंचाही फायदा आहे. तुम्ही दोघं कामावर असताना दुपारी जिन्यात कुणी अनोळखी दिसलं तर ते कोण, हे त्यांना कळलेलं असेल.

फराळाचा डबा नेणार असाल तर न्या, पण तो धुतलेला आणि रिकामा परत येईल. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. रिकामं भांडं परत करू नये हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आणि निघताना सासरे “येतो” म्हणतील. त्याचं जर्मन करू नका, बाई दार उघडं ठेवून थांबतील. “आउफ व्हीडरझेएन” म्हणायचं. शब्दशः अर्थ लावला तर “पुन्हा भेटेपर्यंत”. सासऱ्यांना म्हणावं, हे त्यांचं “येतो”च आहे.